फ्रंट ऑफिस सुपरवायझरचा राजीनामा: कारण एका ओळीत, तारीख नेमकी

हॉटेलच्या रिसेप्शनवर काही वर्षं काढल्यावर अनेकांना जाणवतं की पुढच्या पदासाठी हॉटेल मॅनेजमेंटचं रीतसर शिक्षण लागणार. मग दादरच्या किंवा पर्वरीच्या संस्थेत प्रवेश मिळतो आणि राजीनामा लिहायची वेळ येते. बहुतेक जण इथे कारण सांगण्यात पानभर खर्च करतात. खरं तर शिक्षणासाठी जाणाऱ्याचं कारण कुणालाही पटतं, त्याला एक ओळ पुरते. मॅनेजरला हवी असते ती शेवटच्या दिवसाची तारीख आणि काउंटरची जबाबदारी कोणाच्या हाती जाणार याचं उत्तर.

गोव्यातल्या एका हॉटेलाचं उदाहरण घेऊ. सुपरवायझरच्या नेमणूकपत्रात ३० दिवसांची नोटीस आहे आणि संस्थेत ३ ऑगस्टला हजर व्हायचं आहे. तिने १ जुलैला पत्र दिलं. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर २ ते ३१ जुलै असे ३० दिवस भरतात, म्हणजे ३१ जुलै हा शेवटचा दिवस. तिने पत्र ५ जुलैला दिलं असतं, तर नोटीस ४ ऑगस्टपर्यंत गेली असती आणि प्रवेश अडचणीत आला असता. म्हणून तारीख संस्थेकडून उलटी मोजत यावी. मात्र जागा पक्की झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नये. शिल्लक रजा नोटिशीत धरली जाते असं गृहीत धरू नये, एचआरला आधी विचारावं. पावसाळ्यात गोव्यात गर्दी कमी, म्हणून जाणं सोपं वाटतं. पण याच दिवसांत बाकीच्यांच्या रजा लागलेल्या असतात, त्यामुळे ड्यूटी रोस्टर बघूनच बोलावं.

पत्र सहसा इंग्रजीत जातं. आशय एवढाच असावा:

‘प्रति, फ्रंट ऑफिस मॅनेजर. मी फ्रंट ऑफिस सुपरवायझर पदाचा राजीनामा देत आहे. हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला असून ३ ऑगस्टला हजर व्हायचं आहे. नेमणूकपत्रानुसार ३० दिवसांची नोटीस धरून ३१ जुलै हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत आपण ठरवाल त्या सहकाऱ्याकडे मी चार्ज सोपवेन. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती. इथे शिकायला मिळालं त्याबद्दल मी आभारी आहे.’

‘साधारण महिनाभराने’ असं मोघम लिहिलं की लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की कोणती तारीख?’ तो प्रश्न आला की समजावं, पत्र अपुरं आहे. पत्र मॅनेजरला आधी तोंडी सांगून द्यावं, ईमेलची प्रत एचआरला पाठवावी आणि छापील प्रतीवर पोच घ्यावी. पगाराची, शिफ्टची, वरिष्ठांची तक्रार इथे लिहू नये, कारण ही प्रत एचआरच्या फाइलमध्ये राहते.

चार्ज देण्याची यादी मात्र वेगळ्या कागदावर करावी, कारण सुपरवायझरच्या नावावर रोकड, किल्ल्या आणि पाहुण्यांची माहिती असते. रोख फ्लोट १०,००० रुपयांचा असेल, तर ड्रॉवरमधले ७,८५० आणि पाहुण्यांच्या टॅक्सी-औषधांसाठी दिलेल्या २,१५० रुपयांच्या व्हाउचर्स मिळून तो भरला पाहिजे. ही मोजणी चार्ज घेणाऱ्यासमोर करून दोघांनी सही करावी. नंतर तूट निघाली तर तीच सही कामाला येते. मास्टर की नोंदवहीत जमा दाखवावी. कंपन्यांच्या खात्यावर गेलेली वसूल न झालेली बिलं आणि पुढच्या बुकिंगची अ‍ॅडव्हान्स रक्कम नावानिशी लिहून द्यावी.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, सॉफ्टवेअरमधला आपला युझर आयडी. तो शेवटच्या दिवशी बंद करून घेतला नाही, तर नंतरची बिलं, सवलती आणि रद्द केलेल्या नोंदी आपल्या नावाने दिसू शकतात. दुसरी, परदेशी पाहुण्यांची नोंद. ही माहिती पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत सरकारकडे कळवावी लागते. पोर्टलच्या खात्याला सुपरवायझरचा मोबाइल जोडलेला असेल, तर तो बदलल्याशिवाय निघू नये. नाहीतर ओटीपी तिच्या फोनवर येईल आणि ती वर्गात बसलेली असेल.

निघताना दाखल्यावरची मजकुराची ओळ वाचून घ्यावी. त्यात ‘फ्रंट ऑफिस सुपरवायझर’ हे पद आणि रुजू झाल्यापासून ३१ जुलैपर्यंतच्या तारखा हव्यात. नुसतं ‘फ्रंट ऑफिसमध्ये काम केलं’ असं असेल, तर पुढच्या मुलाखतीत सुपरवायझर म्हणून केलेलं काम कागदावर दिसणारच नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांकही जपून ठेवावा, पुढची नोकरी त्याच क्रमांकाला जोडता येते. अभ्यासक्रम संपल्यावर नोकरी देणारं हॉटेल याच मॅनेजरला फोन करून विचारणार आहे. तेव्हा त्याला आठवेल ते तिने जाताना चार्ज कसा दिला तेच.