एक डोस, पण किती वर्षं?

भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यातल्या मराठी घरात बाळ जन्मलं की कपाटात एक कागद जपून ठेवला जातो. तो म्हणजे सरकारी दवाखान्यातून मिळालेलं 'तायी कार्ड'. आशाताई सांगतील त्या दिवशी बाळाला नेऊन टोचून आणायचं आणि कार्डावर तारीख लिहून घ्यायची, अशी रीत आता अंगवळणी पडली आहे. मग एखाद्या तापात बाळाला उदगीरला किंवा सोलापूरला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं लागतं. डॉक्टर कार्ड चाळून विचारतात, "टायफॉईडची लस दिलीय का?" कार्डावर तसा रकानाच नसतो.

नसण्याचं कारण साधं आहे. ही लस देशाच्या मोफत लसीकरणात घ्यावी, अशी शिफारस लसीकरणाच्या राष्ट्रीय तज्ज्ञ गटाने 2022 मध्ये केली. तरी हा लेख लिहीपर्यंत ती देशभरच्या वेळापत्रकात आलेली नाही. त्यामुळे ती बहुतेक खासगी दवाखान्यात पैसे मोजूनच घ्यावी लागते. साहजिकच आईबाप दोन गोष्टी विचारतात. इतक्या लहान बाळाला ती चालते का? आणि एकदा दिली की किती वर्षं निभते?

दोन वर्षांची अट कशी गेली

मुदतीच्या तापाच्या जंतूभोवती साखरेसारख्या पदार्थाचं एक आवरण असतं. त्याला 'व्हीआय' म्हणतात. जुन्या लसीत नुसतं हे आवरणच असे. मोठ्या माणसाचं शरीर ते ओळखून प्रतिपिंडं तयार करतं. दोन वर्षांखालच्या बाळाची प्रतिकारशक्ती मात्र नुसत्या साखरेला नीट दाद देत नाही. म्हणून जुनी लस दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच देत, आणि तिची स्मृती शरीरात रुजत नसल्याने दर तीन वर्षांनी पुन्हा टोचावी लागे.

नव्या लसीत तेच आवरण एका प्रथिनाला जोडलेलं असतं. बहुधा हे प्रथिन धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाचं असतं. प्रथिन ओळखणाऱ्या पेशी बाळाच्या शरीरात लवकर कामाला लागतात आणि साखरेची ओळखही त्याच करून देतात. ही जोडणी म्हणजेच 'काँज्युगेट', आणि लसीचं नाव टायफॉईड काँज्युगेट लस, म्हणजे टीसीव्ही. बिदरहून काही तासांवर असलेल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची अशी लस डिसेंबर 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेच्या कसोटीला उतरली. अशी मान्यता मिळालेली ती पहिली टीसीव्ही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: बाळाला सहा महिने पूर्ण झाले की ही लस देता येते. अर्ध्या मिलिलिटरचा एकच डोस असतो आणि तान्ह्या बाळाला तो मांडीच्या स्नायूत टोचतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यानचा एक डोस सुचवते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, त्याच दिवशी दुसऱ्या मांडीत टीसीव्ही दिली तरी चालते. बाळ वर्षाचं किंवा चार वर्षांचं झालं असेल तरी वेळ गेलेली नाही. तेव्हाही एकच डोस.

नवी मुंबईत काय दिसलं

भारतात ही लस सरकारी मोहिमेत पहिल्यांदा वापरली ती नवी मुंबईने. महापालिकेने 2018 मध्ये नऊ महिने ते 14 वर्षं वयाच्या सुमारे 1 लाख 13 हजार मुलांना ती दिली. त्या वेळी शहराचा अर्धाच भाग घेतला होता, त्यामुळे लस पोचलेल्या आणि न पोचलेल्या वस्त्यांची तुलना करता आली. लस पोचलेल्या भागात रक्ताच्या कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड निम्म्याहून अधिक कमी झाला. त्या वस्त्यांतल्या प्रत्येक मुलाने लस घेतली होती असं नाही, तरी एवढा फरक पडला.

गावात राहणाऱ्याला यातून एक प्रश्न पडेल: हे शहराचं झालं, गावातल्या बाळाला ही लस लागते का? भारतातल्या एका मोठ्या पाहणीत वेल्लोरच्या शहरी वस्तीत वर्षाला लाखात हजाराहून अधिक मुलांना टायफॉईड झालेला आढळला, तर पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात लाखात फक्त 35. म्हणजे टायफॉईडचा धोका पाण्याच्या नळावर आणि गटारावर ठरतो, जिल्ह्याच्या नावावर नाही. मात्र बिदर-कलबुर्गीकडची कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसह हैदराबाद, पुणे, मुंबईला बांधकामाच्या कामावर जातात. गावात कमी असलेला धोका तिथल्या झोपडीत अनेक पटींनी वाढतो. अशा घरातल्या बाळाला निघण्याआधी लस मिळालेली असावी. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

किती वर्षं?

नेपाळ, बांगलादेश आणि मलावी या तीन देशांत मुलांवर मोठ्या चाचण्या झाल्या. पहिल्या दोन वर्षांचा निकाल तिन्हीकडे जवळपास सारखाच आला. लस नसती तर दहा मुलांना टायफॉईड झाला असता, तिथे दोघांनाच झाला. मलावीत चार वर्षांहून अधिक काळानंतरही हे प्रमाण जेमतेमच घसरलं होतं.

बांगलादेशात मात्र चित्र वेगळं निघालं. तिथे तीन ते पाच वर्षांनंतर संरक्षण निम्म्यावर आलेलं दिसलं. घसरण सगळ्यात जास्त होती ती दोन वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलांत. शाळकरी वयात घेतलेल्यांत ते बरंच टिकलं. एकच लस, पण घेतानाच्या वयानुसार तिची टिकाऊ ताकद बदलते. बाळाची रोगप्रतिकारशक्ती लसीला प्रतिसाद देते, पण तो प्रतिसाद तेवढा जोरदार नसतो आणि तेवढा काळ टिकत नाही.

समजा, भालकीच्या एका बाळाला नवव्या महिन्यात टीसीव्ही दिली. रांगत-चालत हाताला येईल ते तोंडात घालण्याच्या वयात, म्हणजे तीन वर्षांपर्यंत, त्याला चांगलं संरक्षण राहील. मूल पाच वर्षांचं होऊन शाळेत जाऊ लागेल, शाळेच्या टाकीचं पाणी पिईल, दारातला बर्फगोळा खाईल, तेव्हा लसीचा जोर ओसरू लागलेला असू शकतो. नेमकी याच वयात टायफॉईडची गाठ जास्त पडते. शाळाप्रवेशाच्या सुमारास दुसरा डोस द्यावा का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या वेळापत्रकात टीसीव्हीचा एकच डोस आहे. दुसऱ्या डोसबद्दल त्यामुळे आपल्या डॉक्टरांना पाचव्या वर्षी आठवणीने विचारायला हवं.

"पहिला डोस मग पाच वर्षांनीच देऊ," असं मात्र म्हणू नये. दोन वर्षांखालच्या बाळालाही टायफॉईड होतो, आणि त्याची लक्षणं साधा ताप, जुलाब अशी फसवी असतात.

लस घेतली तरी

ही लस पॅराटायफॉईडला रोखत नाही, आणि टायफॉईडलाही शंभर टक्के रोखत नाही. म्हणून लस घेतलेल्या मुलाचा ताप तीन-चार दिवस हटला नाही, तर "लस झालीय" म्हणून थांबू नका. प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला सांगा. औषध सुरू झाल्यावर कल्चरमध्ये जंतू सापडणं अवघड होतं. विडाल तपासणी एकट्याने भरवशाची नाही.

आणि एक काम आजच करा. टीसीव्ही ज्या दिवशी टोचली, ती तारीख आणि लसीचं नाव तायी कार्डाच्या मोकळ्या जागेत डॉक्टरांकडून लिहून, शिक्का मारून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या डोसचा विचार करायचा झाला, तर डॉक्टरांना पहिली विचारणा त्याच तारखेची करावी लागेल.