उंची, भूक आणि पाच मिलिग्रॅमची गोळी

मुलांच्या मानसोपचार ओपीडीत मिथिलफेनिडेटचं नाव घेतलं की आईबाबांचा पहिला प्रश्न ‘याने फरक पडेल का’ हा नसतो. तो असतो, ‘डॉक्टर, सवय तर लागणार नाही ना?’ मग उंचीचा प्रश्न येतो, मग हृदयाचा. आजी सोबत आल्या असतील तर त्या थेट विचारतात, ‘पोराला गुंगीत ठेवणार का?’

एडीएचडीसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांबद्दलच्या या शंका सारख्या वजनाच्या नाहीत. काही निराधार आहेत, काही अर्धवट खऱ्या, आणि भूक मंदावण्याची तर पूर्ण खरी. सगळ्यांना ‘काही होत नाही हो’ हे एकच उत्तर दिलं, तर पहिल्याच आठवड्यात शाळेचा डबा भरलेला परत आला की पालकांना वाटतं, डॉक्टरांनी लपवलं. त्यांचं चुकत नाही.

अनेक मुलांवरून बेतलेलं एक उदाहरण घेऊ. ओम, वय 8 वर्षं, तिसरीत. घरात आणि वर्गात दोन्हीकडे वर्षानुवर्षं चाललेली अस्वस्थता, अर्धवट राहणारी वही, पालकांसाठीचं मार्गदर्शन आणि शाळेतले बदल करूनही न सुटलेला प्रश्न. एडीएचडीचं निदान पक्कं झालं आहे. वजन 24 किलो, उंची 125 सेंटीमीटर. गोळी लिहून देण्याआधी हे दोन आकडे केसपेपरवर हवेतच. ते नसतील तर पुढे उंचीबद्दल कुणी काहीही म्हटलं तरी ते अंदाजच ठरतील.

गैरसमज: हे व्यसन लावणारं औषध आहे

या भीतीला खतपाणी बहुतेक वेळा औषधाच्या दुकानात मिळतं. कोपऱ्यावरचा केमिस्ट म्हणतो, ‘आम्ही हे ठेवत नाही.’ दुसरा प्रिस्क्रिप्शनची एक प्रत ठेवून घेतो, नाव-पत्ता लिहितो आणि कुलूपबंद कपाटातून पट्टी काढतो. बाबा घरी येऊन इंटरनेटवर शोधतात आणि त्यांना अमली पदार्थांच्या कायद्यात या औषधाचं नाव सापडतं. हे सगळं खरं आहे. भारतात मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आहे, कारण त्याचा गैरवापर होऊ शकतो.

पण गैरवापर आणि उपचार यांत फरक कसा पडतो, ते समजून घ्यायला हवं. नशेची ‘किक’ औषध मेंदूत किती वेगाने चढतं यावर बरीचशी अवलंबून असते. गोळी गिळली की मेंदूतली पातळी तास-दीड तासात हळूहळू वाढते आणि तशीच हळूहळू उतरते. तीच गोळी कुटून नाकाने ओढली किंवा टोचून घेतली तर पातळी झटक्यात चढते. अमेरिकेतल्या नोरा वोल्को यांच्या मेंदूच्या स्कॅनवरील कामातून हा वेगाचा मुद्दा स्पष्ट झाला. ओमला नाश्त्यानंतर मिळणाऱ्या 5 मिलिग्रॅमच्या गोळीने त्याला मजा वाटत नाही. उलट अशी मुलं गोळी घ्यायला कंटाळा करतात, विसरतात, लपवून टाकतात. व्यसनी माणूस आपला माल कधी विसरत नाही.

दुसरा गोंधळ सुट्टीच्या दिवशी होतो. रविवारी गोळी दिली नाही, ओमने दिवसभर घर डोक्यावर घेतलं, आणि आई म्हणाली, ‘बघा, आता याला गोळीशिवाय राहवत नाही.’ मी तिला एकच विचारतो: हा त्रास नवा आहे, की गोळी सुरू होण्यापूर्वीचाच? साध्या गोळीचा परिणाम चार-एक तासच टिकतो, दुसऱ्या दिवसापर्यंत शरीरात औषध जवळपास उरतच नाही. रविवारी दिसतो तो मूळचाच ओम. नेहमीच्या डोसवर असलेल्या मुलाला एखादा दिवस गोळी चुकली म्हणून घाम, थरथर, तडफड असं काही होत नाही. उलट काही मुलांना झोपेसाठी किंवा चिडचिडीसाठी दिलं जाणारं क्लोनिडीन मात्र असं एकदम बंद करायचं नसतं, कारण त्याने रक्तदाब उसळू शकतो. पालक घाबरतात मिथिलफेनिडेटला आणि मनाने बंद करतात क्लोनिडीन, असंही घडतं.

लहानपणी हे औषध घेतलेली मुलं पुढे दारू-गांजाकडे जास्त वळतात का, याचा अभ्यास वर्षानुवर्षं झाला आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात धोका वाढलेला दिसला नाही. तो कमी झालेलाही दिसला नाही. त्यामुळे ‘औषध दिलं तर मूल व्यसनापासून वाचेल’ असं आश्वासन देणाऱ्या डॉक्टरांवरही जरा शंका घ्यावी. एडीएचडीत मात्र मुळातच व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे पक्कं आहे.

खरा धोका वेगळ्या वयात आणि वेगळ्या माणसांकडून येतो. मूल कॉलेजात जातं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्र म्हणतो, ‘एक गोळी दे ना यार.’ म्हणून गोळ्या मोजून, मोठ्यांच्या ताब्यात ठेवायच्या आणि दहावीनंतरच्या मुलाशी हे उघड बोलायचं.

गैरसमज: उंची खुंटते. / दुसरा गैरसमज: उंचीवर काहीच परिणाम होत नाही

इथे दोन्ही बाजू चुकतात. अमेरिकेत 1990च्या दशकात 579 मुलांना घेऊन एमटीए नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला आणि त्यातल्या मुलांचा पुढे पंचविशीपर्यंत पाठपुरावा झाला. नव्याने औषध सुरू करून ते चालू ठेवलेली मुलं तीन वर्षांनी, औषध न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत, उंचीत साधारण 2 सेंटीमीटर आणि वजनात 2.7 किलो मागे होती. मोठेपणीही सातत्याने औषध घेणाऱ्यांमध्ये दोन-अडीच सेंटीमीटरचा फरक राहिला. इतर काही अभ्यासांना प्रौढपणी असा फरक सापडलेला नाही. मी पालकांना वाईट शक्यता धरूनच सांगतो: सरासरीने एक इंचाच्या आत.

सरासरी म्हणजे प्रत्येक मूल नव्हे, म्हणून ओमचं मोजमाप करायचं. सुरुवातीला नाश्त्यानंतर 5 मिलिग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या सुट्टीतही 5. तिसऱ्या आठवड्यात सकाळची गोळी 10, दुपारची 5 वरच. बाईंनी कळवलं की गणिताची वही पूर्ण होऊ लागली, तिथेच डोस थांबवला. तीन महिन्यांनी वजन 24 वरून 23.2 किलो. या वयात ते अर्धा-पाऊण किलोने वाढायला हवं होतं. आई घाबरली, आणि तिचं घाबरणं योग्य होतं.

आता डब्याचं गणित मांडलं. औषधाचा जोर सकाळी साडेनऊ ते दुपारी चार. या वेळात ओमला भूक नसते, म्हणून तेव्हा पोळी-भाजी कोंबण्याचा हट्ट सोडला. गोळीच्या आधी पोटभर नाश्ता: तूप लावलेलं थालीपीठ, दूध, अंडं. डब्यात दोन घास जातील एवढंच, शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं. संध्याकाळी पाचला भूक परत येते तेव्हा बिस्किटांऐवजी खरं जेवण, आणि झोपायच्या आधी पुन्हा काहीतरी. सहा महिन्यांनी वजन 23.9 किलो झालं आणि उंची 127.2 सेंटीमीटर.

सहा महिन्यांत 2.2 सेंटीमीटर. अपेक्षित अडीच ते तीन. फरक आहे, पण उंची मोजण्यात अर्ध्या सेंटीमीटरची चूक सहज होते. बूट काढले का, टाचा भिंतीला टेकल्या का, मान वर होती का, एवढ्यावरही आकडा बदलतो. म्हणून एका मोजणीवर निर्णय होत नाही. त्याच उंचीमापकावर, शक्यतो सकाळी, दर सहा महिन्यांनी मोजायचं आणि भारतीय मुलांच्या वाढ-आलेखावर ठिपका टाकायचा. मूल ज्या रेषेच्या आसपास वाढत होतं ती सोडून खालच्या रेषांकडे सरकू लागलं, तर डोस कमी करणं, औषध बदलणं किंवा बालरोगतज्ज्ञांकडून उंचीची इतर कारणं तपासणं, हे सगळं करता येतं. ठेंगण्या आजोबांचा दाखला देणारे नातेवाईकही असतात. त्यांच्यासाठी आईबाबांची उंची केसपेपरवर आधीच लिहून ठेवलेली बरी.

मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत गोळी बंद ठेवली तर वजन भरून यायला मदत होते. उंचीबाबत पुरावा इतका साफ नाही. ओमच्या घरी मे महिना औषधाविना ठरला, कारण तो आजोळी शेतावर जातो आणि तिथे त्याच्या धावपळीचा कुणाला त्रास नाही. वर्षअखेरीस उंची 129.8, वजन 25.6 किलो.

गैरसमज: मूल मलूल, यंत्रासारखं होतं

होऊ शकतं, पण ते डोस जास्त झाल्याचं लक्षण आहे. इथे पालकांना घड्याळ बघायला सांगतो. गोळीनंतर एक-दोन तासांत मूल गप्प, चेहरा निर्विकार, हसणं गायब, असं असेल तर डोस जास्त आहे आणि तो कमी करायचा. पण सकाळ छान गेली आणि दुपारी चारला बस्स, बारीकसारीक गोष्टीवरून रडारड, तर ती औषध उतरतानाची चिडचिड. तिथे डोस कमी करून भागत नाही. गोळ्यांच्या वेळा जवळ आणणं किंवा दिवसभर हळूहळू सुटणारं औषध वापरणं उपयोगी पडतं. अशी दीर्घकाळ टिकणारी गोळी चावून किंवा कुटून द्यायची नाही. शाळेत दुपारची गोळी कोण देणार, या रोजच्या कटकटीवरही दीर्घकाळ टिकणारी गोळी हाच मार्ग आहे.

झोप उशिरा लागणं हा तिसरा सर्वसाधारण त्रास. दुपारची गोळी उशिरा दिली गेली आहे का, ते आधी पाहायचं. आणि औषधापूर्वी ओम किती वाजता झोपायचा, हेही विचारायचं. बऱ्याचदा उत्तर येतं, ‘अकरा-साडेअकरा, आधीपासूनच.’

हृदयाची शंका

नाडी काही ठोक्यांनी आणि रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून डोस बदलताना आणि दर सहा महिन्यांनी दोन्ही तपासायचे. 2011 मध्ये अमेरिकेत सुमारे 12 लाख मुलं आणि तरुणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात या औषधांमुळे हृदयविकाराचे गंभीर प्रकार वाढलेले आढळले नाहीत. तरीही सुरुवातीला तीन प्रश्न विचारायचे: पळताना किंवा खेळताना मूल कधी बेशुद्ध पडलं का, जन्मजात हृदयदोष सांगितला आहे का, घरात चाळिशीच्या आत कुणाचा अचानक मृत्यू झाला आहे का. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर गोळीआधी हृदयरोगतज्ज्ञ. तिन्हीला ‘नाही’ असेल तर प्रत्येक मुलाचा ईसीजी काढायची गरज नसते.

क्वचित मुलांना भास होतात, विचित्र संशय येतो, टोकाची उदासी येते किंवा डोळे-मान उडवण्याचे झटके नव्याने सुरू होतात. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता पुढची गोळी न देता फोन करायचा.

‘मग हे कधीपर्यंत?’

ओमच्या बाबांनी वर्षाने हेच विचारलं. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा बंद करून पाहणं सोपं. पण ते सुट्टीत नाही, कारण सुट्टीत लक्ष देण्याची गरज कमी असते आणि फसवं यश दिसतं. परीक्षेच्या आठवड्यातही नाही. शाळा रुळल्यावर, जुलैमध्ये, दोन आठवडे गोळी बंद. वर्गशिक्षिकेला रोज दोन ओळी लिहायला सांगितल्या: वही पूर्ण झाली का, जागेवरून किती उठला. पहिले तीन दिवस बरे गेले. दुसऱ्या आठवड्यात गणिताच्या पाच उदाहरणांतली दोनच होऊ लागली आणि बाकावरच्या मुलाशी भांडणं सुरू झाली. गोळी परत सुरू केली, पण या वेळी सकाळ-दुपार 5-5 वर काम भागलं. पुढची अशी तपासणी चौथीनंतरच्या जुलैत ठरली आहे.