आडवा सोडलेला लंबक आणि पहिल्या पट्टीची चूक



गेल्या सत्रात बारावीचा एक विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आला. प्रयोगशाळेत त्याने एक मीटर लांबीचा लंबक नेहमीसारखा थोडासा बाजूला न नेता थेट आडवा, म्हणजे ९० अंशांवर नेऊन सोडला होता. एका पूर्ण झोक्याला किती वेळ लागेल, हे त्याने स्वतः गणित मांडून काढले. उत्तर आले २.०३ सेकंद. पुस्तकातल्या सूत्राने २.०१ येते. दोन्ही उत्तरे जवळजवळ जुळली म्हणून स्वारी खूश होती. अडचण एकच होती. स्टॉपवॉच दरवेळी २.३ च्या वर वेळ दाखवत होते. “सर, घड्याळ चुकतंय का?” असे त्याने विचारले.

घड्याळ बरोबर होते. पुस्तकातले सूत्र लहान झोक्यांसाठीच असते, ते इथे लागूच पडत नाही. चुकले होते ते त्याचे स्वतःचे गणित, आणि तेही मोठ्या फसव्या रीतीने. मांडणी अचूक, आकडेमोड अचूक, तरी उत्तर चूक. असे का झाले, ते आज सांगतो. आम्ही हिंदी माध्यमात ज्याला समाकलन म्हणत शिकलो, त्याला मराठी पुस्तकात संकलन म्हणतात. मी तोच शब्द वापरतो.

आधी मांडणी पाहू. लंबक आडव्या रेषेपासून u एवढ्या कोनातून खाली आला की त्याचा गोळा L sin u एवढा खाली आलेला असतो. ऊर्जेच्या नियमाने त्या क्षणी त्याचा वेग √(2gL sin u) असतो. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. म्हणून वाटेचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला लागलेला वेळ काढायचा आणि बेरीज करायची. तळापर्यंतचा प्रवास पूर्ण झोक्याचा चौथा हिस्सा असल्याने

T = 4 √(L/2g) · I,  I = ∫ du/√(sin u),  u = 0 ते π/2

L = 1 मीटर आणि g = 9.8 घेतले तर बाहेरचा गुणक ०.९०३५ येतो. आता फक्त I काढायचा उरला.

इथेच गोम आहे. सुरुवातीला u शून्य असतो, म्हणून sin u शून्य आणि भागाकार अनंत. याचा अर्थ सरळ आहे. सोडण्याच्या क्षणी लंबक स्थिर असतो, आणि स्थिर वस्तूला पुढचे अंतर कापायला किती वेळ लागेल असे त्या क्षणाच्या वेगावरून विचारले तर उत्तर अनंतच येणार. पण लंबक तिथे कायमचा थांबत नाही. आलेखाची रेषा आकाशाला भिडते, तरी तिच्याखालचे क्षेत्रफळ मर्यादित असते. I चे खरे मूल्य २.६२२०५८ आहे. म्हणजे T = २.३६९ सेकंद. घड्याळ हेच सांगत होते.

टोकाला किंमत अनंत असल्याने मुलाने हुशारीने मध्यबिंदूचा नियम वापरला होता. ९० अंशांच्या चार सारख्या पट्ट्या करायच्या, प्रत्येक पट्टीच्या मधोमध उंची घ्यायची, पट्टीच्या रुंदीने गुणायचे आणि बेरीज करायची. या नियमाला टोकाची किंमत लागतच नाही, त्यामुळे गणित अडत नाही. पण अडत नाही म्हणजे बरोबर येते असे नाही. त्याला I = २.२४३ मिळाले. मी त्याला पट्ट्या दुप्पट करायला सांगितल्या. आठ पट्ट्यांनी २.३५४ आले, सोळा पट्ट्यांनी २.४३३. हजार पट्ट्या घेतल्या तरी २.५९८ च येते. पहिल्या तीन दशांश स्थानांपर्यंत भरवशाचे उत्तर हवे असेल, म्हणजे चूक ०.०००१ वर आणायची असेल, तर सुमारे पावणेसहा कोटी पट्ट्या लागतील!

आता चूक नेमकी कुठे बसली आहे ते पाहा. चार पट्ट्यांच्या हिशेबात एकूण तूट ०.३७९ आहे. त्यातली ०.३६७ एकट्या पहिल्या पट्टीची आहे. त्या पट्टीखालचे खरे क्षेत्रफळ १.२५६६, आणि मध्यबिंदूने मोजले ०.८८९१. म्हणजे पहिल्या पट्टीतच २९ टक्के कमी भरले. बाकीच्या तिन्ही पट्ट्या जवळजवळ निर्दोष आहेत.

मग पट्ट्या बारीक केल्यावर पहिल्या पट्टीची चूक का जात नाही? शून्याजवळ sin u जवळपास u एवढाच असतो, म्हणून आलेख 1/√u सारखा दिसतो. या आलेखाची गंमत अशी की शून्याजवळचा कितीही बारीक तुकडा घेऊन ताणला तरी तो मूळच्यासारखाच दिसतो. पट्टी निम्मी केली तरी तिच्यातले २९ टक्क्यांचे प्रमाण तसेच राहते. फक्त पट्टीचे क्षेत्रफळ घटते, आणि तेही निम्म्याने नाही, √2 च्या भागाने. इतर पट्ट्यांत आलेखाचा तुकडा बारीक होताना सरळ रेषेसारखा होत जातो. पहिली पट्टी कधीच सरळ होत नाही.

काही मुले म्हणतात, “सर, शून्याऐवजी ०.००१ पासून सुरू करू, म्हणजे अनंताची कटकटच नको.” हा उपाय मुळीच करू नका. त्या एवढ्याशा तुकड्याचे क्षेत्रफळ 2√0.001, म्हणजे ०.०६३ आहे. कोनाचा दीड हजारावा भागही सोडला नाही, तोच उत्तरातला सुमारे अडीच टक्के वाटा गेला.

खरा उपाय चल बदलण्याचा आहे. u = t² ठेवा. मग du = 2t dt, आणि

I = ∫ 2t/√(sin t²) dt,  t = 0 ते √(π/2) = 1.2533

शून्याजवळ sin t² जवळजवळ t² एवढा, त्याचे वर्गमूळ t. वरचा t आणि खालचा t एकमेकांना खातात आणि उरते २. अनंत नाहीसे झाले. नवा आलेख २ पासून निघून हळूहळू चढत २.५०७ पर्यंत जातो. त्यात कुठेही उभा कडा नाही. आपण काहीही टाकले नाही, काहीही अंदाजाने घेतले नाही. हे संकलन आणि आधीचे संकलन तंतोतंत एकच आहे. फक्त मोजण्याची फूटपट्टी बदलली.

आता तोच मध्यबिंदूचा नियम, त्याच चार पट्ट्या: I = २.६१४३. आठ पट्ट्यांनी २.६२००. तूट ०.००७८ वरून ०.००२० वर आली, म्हणजे पट्ट्या दुप्पट केल्या की चूक सुमारे चौथाई होते. चांगल्या आलेखावर हा नियम असाच वागतो. सिम्प्सनचा नियम लावला तर चार भागांनी २.६२३४, आठ भागांनी २.६२२१७ आणि सोळा भागांनी २.६२२०६५. पावणेसहा कोटी पट्ट्यांचे काम साध्या कॅल्क्युलेटरवर, वहीच्या एका पानात झाले. आठ भागांच्या उत्तरावरून T = २.३६९ सेकंद मिळतात.

u = t² हेच का सुचावे? याचे उत्तर लंबकच देतो. सुटल्यावर पहिल्या क्षणी गोळा जवळजवळ सरळ खाली पडतो, आणि पडलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे गॅलिलिओने दाखवले, आपण नववीत शिकतो. म्हणजे सुरुवातीला आपला t वेळेच्याच प्रमाणात चालतो. मुलाने कोनाचे सारखे तुकडे केले होते. पहिल्या तुकड्यात बराच वेळ रेंगाळणाऱ्या लंबकाला त्याने एकदाच हाक मारली. t चे चार सारखे तुकडे केले की कोनाच्या खुणा ५.६, २२.५, ५०.६ आणि ९० अंशांवर पडतात. जिथे लंबक सावकाश, तिथे खुणा दाट.

करताना तीन ठिकाणी चूक होते. पहिली, कॅल्क्युलेटर रेडियनवर हवा. अंशांवर राहिला तर सगळे पाणी. दुसरी, सिम्प्सनला t = 0 ची किंमत लागते, तिथे यंत्र ० भागिले ० म्हणून चूक दाखवेल. ती किंमत २ आपण हाताने लिहायची. तिसरी, अनंत जिथे आहे ते टोक आधी शून्यावर आणा. कोन तळापासून मोजला असता तर अनंत ९० अंशांवर आले असते. तिथे u = t² ठेवून काही साधत नाही. मी कोन आडव्या रेषेपासून मोजला तो याचसाठी.

टोकाजवळ आलेख 1/√u ऐवजी u^(-a) सारखा असेल, तर u = t^(1/(1-a)) ठेवावे. a = 1/2 घातले की आपले t² मिळते. मात्र a हा १ पेक्षा कमीच हवा. 1/u च्या आलेखाखाली शून्यापर्यंतचे क्षेत्रफळच अनंत आहे. तिथे कोणताही चल ठेवा, अनंत मावळणार नाही. आणि असा बिंदू वाटेच्या मध्ये आला, तर तिथे संकलनाचे दोन तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळा उपाय करावा.

त्या मुलाचे २.०३ हे उत्तर पुस्तकाशी जुळले, तो निव्वळ योगायोग होता. दोन वेगळ्या कारणांनी चुकलेली दोन उत्तरे शेजारी येऊन बसली. त्यातून धडा हा, की एका उत्तरावर थांबू नये. पट्ट्या दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा आणि उत्तर किती सरकते ते पाहा. त्याच्या वहीत उत्तर आधी ०.१११ ने सरकले, मग ०.०७८ ने. मध्यबिंदूच्या नियमात दुसरे सरकणे पहिल्याच्या चौथाईच्या आसपास हवे. इथे १.४ पटच कमी झाले. एवढ्यावरूनच टोकाशी काहीतरी बिघडले आहे हे ओळखता येते, खरे उत्तर माहीत नसले तरीही.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी एक काम देतो. y = √(1-x²) घेऊन चौथाई वर्तुळाचे क्षेत्रफळ सिम्प्सनने चार, आठ आणि सोळा भागांनी काढा. इथे किंमत कुठेही अनंत नाही, पण x = 1 ला आलेख उभा कोसळतो, म्हणून उत्तर π/4 कडे रेंगाळतच जाईल. मग 1-x = t² ठेवून पुन्हा काढा. दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहून वही मला दाखवा.