ओडी, बीडी, एचएस, एसओएस

समजा, साठीच्या एका बाईंची चिठ्ठी आपल्यासमोर आहे. त्यांना रक्तदाब, मधुमेह आणि हातापायांच्या सांध्यांचा आमवात आहे. चिठ्ठीत पाच ओळी आहेत. टेल्मिसार्टन ४०, पुढे ओडी. मेटफॉर्मिन ५००, पुढे बीडी. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०, पुढे एचएस. पॅरासिटामॉल ६५०, पुढे एसओएस. आणि शेवटी मेथोट्रेक्सेट ७.५, ज्याच्यापुढे काहीतरी दोन अक्षरं आहेत. ती काय आहेत, याकडे नंतर वळू.

ही अक्षरं लॅटिनची आहेत. ओडी म्हणजे ‘ओम्नी दिए’, रोज एकदा. बीडी म्हणजे ‘बिस दिए’, दिवसातून दोनदा. एचएस म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपायच्या वेळी. एसओएस म्हणजे ‘सी ओपुस सित’, गरज पडली तर. बुडत्या जहाजाच्या हाकेशी या एसओएसचा काही संबंध नाही. बीडी ऐकून खोकल्याच्या पेशंटला वेगळंच काही आठवत असेल, तर तो त्याचा प्रश्न.

पूर्वी युरोपात वैद्य औषधविक्याला चिठ्ठी लॅटिनमध्येच लिहायचे. ब्रिटनचा १८६४चा औषधकोश इंग्रजीत आला, तरी डोस सांगणारी ही तोकडी अक्षरं लॅटिनच राहिली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५मध्ये सुरू झालं आणि ब्रिटिश पद्धतीच्या शिक्षणाबरोबर ब्रिटिश धाटणीची चिठ्ठीही आपल्याकडे रुजली. म्हणून आपले डॉक्टर ओडी-बीडी लिहितात. अमेरिकेत त्याच अर्थाने क्यूडी आणि बीआयडी लिहायची रीत होती, आणि आपल्या एसओएसच्या जागी तिकडे पीआरएन असतं.

आता त्या पाचव्या ओळीकडे. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. साडेसात मिलिग्रॅम म्हणजे अडीचच्या तीन गोळ्या, समजा दर रविवारी. डॉक्टरने घाईत ‘ओडब्ल्यू’ लिहिलं, म्हणजे ‘वन्स वीकली’. हे लॅटिनही नाही, पण ओडी-बीडीच्या रांगेत बसतं म्हणून चालून जातं. गोल ओ स्पष्ट दिसतो, पुढचं अक्षर मात्र एका फटकाऱ्यात उमटलेलं. रोज शंभर ओडी वाचणाऱ्या डोळ्याला तिथेही ओडीच दिसतो. बाई रोज तीन गोळ्या घेऊ लागतात आणि आठवड्याला साडेसातऐवजी साडेबावन्न मिलिग्रॅम पोटात जातं.

हे औषध फॉलिक अ‍ॅसिडचं काम अडवतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशींना रोखतं. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, या सगळ्या अशाच पेशी. आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्या सावरतात, आणि रोजच्या डोसात नेमका तोच वेळ त्यांना मिळत नाही. मग तोंडात फोड येतात, घास गिळवत नाही, जुलाब होतात, ताप येतो, अंगावर जांभळे डाग दिसू लागतात. अशा वेळी गोळी थांबवून थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. तिथे रक्तपेशी मोजतात आणि फॉलिनिक अ‍ॅसिड नावाचा उतारा देतात. हा रोजच्या फॉलिक अ‍ॅसिडपेक्षा वेगळा असतो. अशा चुकीत माणसं दगावलेली आहेत, त्यामुळे ही भीती पुस्तकी नाही.

चूक लवकर पकडायचा एक साधा मार्ग आहे. दहा गोळ्यांची पट्टी तीन आठवडे पुरायला हवी. ती चौथ्याच दिवशी संपली, तर काहीतरी बिनसलं आहे. मेडिकलवाल्यानेही पट्टी फार लवकर मागायला आलेल्या माणसाला थांबवून विचारायला हवं. यातला आणखी एक सापळा म्हणजे सोबत दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही पिवळट आणि लहानच असू शकतात, त्यामुळे घरातल्या डबीत दोन्हींची सरमिसळ होते. माझं मत विचाराल, तर या औषधापुढे कुठलंही लघुरूप चालता कामा नये. ‘फक्त रविवारी’ असं वाराचं नाव घालून लिहावं.

अमेरिकेनेही असाच धडा घेतला. क्यूडीच्या क्यूची शेपटी किंवा मधला ठिपका चुकून आय वाटला की ते क्यूआयडी होतं, म्हणजे रोज चारदा. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४मध्ये क्यूडी वापरायला मनाई केली. आपला ओडीही तिकडे निर्धोक नाही, कारण तिथे ओडी म्हणजे उजवा डोळा. सहा महिन्यांची औषधं बांधून मुलाकडे न्यूजर्सीला निघालेल्या आईबाबांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून चिठ्ठी पूर्ण शब्दांत लिहून घ्यावी. आपल्याकडे वैद्यकीय परिषदेने २०१६मध्ये औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितलं. ओडी-बीडीबद्दल मात्र तो नियम काही बोलत नाही.

बीडीचा गोंधळ कमी असतो, पण ‘दोनदा’ म्हणजे किती अंतराने, हे तो सांगत नाही. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घ्यायचं असल्याने दोन जेवणांना ते जुळून जातं. अँटिबायोटिकचं तसं नाही. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला घेतली, तर एकीकडे आठ तास आणि दुसरीकडे सोळा तास पडतात. तिथे बीडी म्हणजे साधारण बारा तास असंच धरायचं.

एचएसमध्ये रात्रीचं जेवण आणि झोप यांची गल्लत होते. मेडिकलवाला पाकिटावर १-०-१ किंवा ०-०-१ लिहितो, आणि ही पद्धत लॅटिनपेक्षा कितीतरी बरी, कारण ती कुणालाही कळते. पण तिच्यात ‘रात्री’ला एकच घर आहे. जेवण आठला आणि झोप अकराला असेल, तर फरक पडतो. रक्तदाबाच्या प्राझोसिनचा पहिला डोस झोपताना देतात तो याच कारणाने, कारण उठून उभं राहिल्यावर दाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. त्यानंतर बिछान्यातच राहिलेलं बरं. स्टॅटिनचं कारण वेगळं आहे. यकृत कोलेस्टेरॉल मुख्यत्वे रात्री बनवतं, आणि सिम्व्हास्टॅटिनसारख्या औषधांचा असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून रात्रीची वेळ पडली. अ‍ॅटोर्वास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं आणि ते दिवसा घेतलं तरी चालतं. चिठ्ठीवरचा एचएस मात्र सवयीने कायम राहिला आहे. विसरायला होत असेल, तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते.

उरला एसओएस. चारही जणांत सर्वांत अपुरा हाच. गरज पडली तर, पण कसली गरज, किती वेळाच्या अंतराने आणि जास्तीत जास्त किती? पॅरासिटामॉल ६५० दोन डोसांत किमान चार ते सहा तास ठेवून घेतात, आणि मोठ्या निरोगी माणसालाही दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅमची, म्हणजे सहाच गोळ्या. यकृताचा आजार असेल, वजन फार कमी असेल किंवा दारूची सवय असेल, तर याहूनही कमी. बाईंनी गुडघ्यासाठी चार घेतल्या आणि मध्येच सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, तर त्यातल्या बहुतेकांत पॅरासिटामॉल असतंच. पाकिटावर नाव वेगळं असल्याने बेरीज कुणी करत नाही. एसओएस दिसला की काउंटरवरच विचारायचं: कशासाठी, किती तासांनी, दिवसाला किती. उत्तर पट्टीवरच पेनाने लिहून घ्यायचं, कारण चिठ्ठी फायलीत जाते आणि पट्टी उशाशी असते.