दूध-भाकरीचा तक्ता

जीवशास्त्राच्या सरावपत्रिकेत पचनसंस्थेचा तक्ता हमखास असतो. विकराचे नाव, त्याची कामाची जागा, ते कशावर काम करते आणि त्यातून काय तयार होते, असे चार रकाने. परीक्षेच्या आदल्या रात्री मुले तो ओळीओळीने घोकतात. पण एका ओळीच्या शेवटच्या रकान्यात जे तयार होते, तेच खालच्या एखाद्या ओळीत कच्चा माल म्हणून येते. म्हणून हा तक्ता वरून खाली वाचला की अधिक कळतो.

त्यासाठी एक साधे जेवण पुरेसे आहे: ज्वारीची भाकरी वाटीभर दुधात कुस्करलेली, वर गुळाचा खडा. भाकरीत मुख्यतः स्टार्च, दुधात प्रथिने, मेद आणि दुधाची स्वतःची साखर म्हणजे लॅक्टोज, तर गुळात सुक्रोज. या एका ताटलीसाठी जवळजवळ अख्खा तक्ता कामाला लागतो.

| विकर | कोठे तयार होते | कोठे काम करते | कशावर | काय मिळते |
|---|---|---|---|---|
| अमायलेज (टायलिन) | लाळग्रंथी | तोंड | स्टार्च | माल्टोज व स्टार्चचे छोटे तुकडे |
| पेप्सिन | जठर | जठर | प्रथिने | मोठे पेप्टाइड |
| अमायलेज | स्वादुपिंड | लहान आतडे | स्टार्च | माल्टोज व छोटे तुकडे |
| ट्रिप्सिन | स्वादुपिंड | लहान आतडे | प्रथिने व मोठे पेप्टाइड | लहान पेप्टाइड |
| लायपेज | स्वादुपिंड | लहान आतडे | मेद | मेदाम्ले व मोनोग्लिसराइड |
| माल्टेज | आतड्याचे अस्तर | लहान आतडे | माल्टोज | ग्लुकोज |
| सुक्रेज | आतड्याचे अस्तर | लहान आतडे | सुक्रोज | ग्लुकोज व फ्रुक्टोज |
| लॅक्टेज | आतड्याचे अस्तर | लहान आतडे | लॅक्टोज | ग्लुकोज व गॅलॅक्टोज |
| पेप्टिडेज | मुख्यतः आतड्याचे अस्तर | लहान आतडे | लहान पेप्टाइड | अमिनो आम्ले |

इथे जागेचा रकाना मुद्दाम दोन केला आहे. सरावपत्रिकेतल्या चुका बहुतेक इथेच होतात. ट्रिप्सिनपुढे ‘जागा: स्वादुपिंड’ असे लिहिले की उत्तर चुकले, कारण स्वादुपिंड ते तयार करते, पण त्याचे काम चालते आतड्यात.

पहिल्या ओळीची परीक्षा घरी घेता येते. भाताची पातळ पेज दोन पेल्यांत घ्यायची, एकात थोडी लाळ मिसळायची आणि दोन्ही पेले कोमट पाण्यात ठेवायचे. काही मिनिटांनी दोन्हींतले थोडे थोडे द्रव थंड करून त्यांत आयोडिनचा थेंब टाकायचा. नुसती पेज निळी-काळी होते. लाळेच्या पेजेत रंग हळूहळू फिका पडत जातो, कारण निळा रंग देणारा स्टार्चच संपत चाललेला असतो. थंड करण्याला कारण आहे. पेज फार गरम असेल तर स्टार्च शिल्लक असूनही निळा रंग दिसत नाही आणि लाळेला फुकटचे श्रेय मिळते. दुसरी फसगत लिंबाची. आम्लात हे विकर थांबते, हे दाखवायला काही जण लिंबू पिळतात. पण लिंबातले ‘क’ जीवनसत्त्व आयोडिनचाच रंग घालवते, त्यामुळे निष्कर्ष नेमका उलटा निघतो. तिथे व्हिनेगर वापरावे.

लाळेचे विकर साधारण उदासीन द्रवात चांगले चालते. घास जठरात उतरला आणि आम्ल त्याच्या आतपर्यंत मुरले की ते थंडावते. भाकरीतल्या स्टार्चचे मोठे काम त्यामुळे पुढे आतड्यासाठी शिल्लक राहते. पेप्सिनची तऱ्हा उलटी, त्याला आम्लच हवे. जठराच्या पेशी ते पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात सोडतात आणि आम्ल त्याला जागे करते. दूध जठरात फाटते, त्यातल्या प्रथिनांचे तुकडे पडू लागतात, पण अमिनो आम्लांपर्यंत गोष्ट इथे पोहोचत नाही. पेप्सिनपुढे ‘अमिनो आम्ले’ लिहिणारा विद्यार्थी दोन ओळी गाळून शेवटावर पोहोचलेला असतो.

जठर हे रसायनाचे भांडे आहे, हे माणसाच्या पोटात डोकावून पाहता आले ते एका अपघातामुळे. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे भोक पूर्ण बुजले नाही. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, जठररस बाटलीत काढून त्यातही मांस ठेवले. बाटलीतही ते विरघळले. बोमाँटचे पुस्तक 1833 साली आले आणि तीन वर्षांनी थिओडोर श्वान याने जठररसातल्या कर्त्या पदार्थाला पेप्सिन हे नाव दिले.

लहान आतड्याच्या सुरुवातीला पित्तरस येऊन मिळतो. अनेक उत्तरपत्रिकांत त्याला विकरांच्या ओळीत बसवलेले दिसते, आणि हे चूक आहे. पित्तरसात पचनाचे विकर नसते. भांड्याचा तेलकटपणा साबण जसा सोडवतो, तसे तो दुधातल्या मेदाचे बारीक थेंब करतो, म्हणजे लायपेजला काम करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. लायपेजपुढे शालेय उत्तर ‘मेदाम्ले व ग्लिसरॉल’ असे असते. प्रत्यक्षात स्वादुपिंडाचे लायपेज सहसा दोनच मेदाम्ले तोडते आणि तिसरे ग्लिसरॉललाच चिकटून राहते. त्याला मोनोग्लिसराइड म्हणतात. परीक्षेत पाठ्यपुस्तकातले लिहावे, हा शहाणपणा. पण खरे काय ते ठाऊक असलेले बरे.

दुधातल्या लॅक्टोजची ओळ अनेकांच्या बाबतीत अर्धवटच भरलेली असते. तान्ह्या बाळात लॅक्टेज भरपूर असते, पण मोठेपणी पुष्कळ माणसांत ते घटत जाते. मग लॅक्टोज न तुटता मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो, पोट गुडगुडते, कधी जुलाब होतात. या वायूतला हायड्रोजन रक्तात शिरून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून श्वासातला हायड्रोजन मोजून हे निदान करता येते. अशाच माणसाला दही बरेचदा सोसते. विरजणात थोडे लॅक्टोज आधीच संपलेले असते आणि दह्यातले जिवाणू स्वतःचे लॅक्टेज घेऊन येतात.

राहिली ट्रिप्सिनची ओळ. स्वादुपिंड स्वतः प्रथिनांचेच बनलेले, आणि तयार करते प्रथिने तोडणारे विकर. त्यामुळे ते विकर ट्रिप्सिनोजेन या कुलूपबंद रूपात बाहेर पडते. किल्ली असते आतड्याच्या अस्तरात: एंटेरोकायनेज नावाचे दुसरे विकर. ते ट्रिप्सिनोजेनचा छोटा तुकडा छाटते आणि ट्रिप्सिन कामाला लागते. मग ट्रिप्सिनच आणखी ट्रिप्सिनोजेन उघडत जाते. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूचा मारा फार झाला, तर कधी हे कुलूप स्वादुपिंडातच उघडते आणि ग्रंथी स्वतःला पचवू लागते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येते, ती पाठीत जाते. डॉक्टर तेव्हा रक्तातले अमायलेज आणि लायपेज तपासायला सांगतात. एरवीही ही विकरे रक्तात थोडी असतातच. पण नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आकडा आला आणि दुखणेही तसेच असेल, तर स्वादुपिंडदाहाचे निदान होते.