आजोबांना भिंतीवरून किती खाली आणावे?

धुळे–सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून नेकनूर–केजकडे जाणारा रस्ता ज्या चौकात एकमेकांना छेदतात, ते मांजरसुंबा. गेल्या काही वर्षांत या रस्त्यांच्या कडेने स्लॅबची घरे उभी राहिली आणि जुन्या माळवदाच्या घरांतील संसार त्यांत आला. भांडी-कुंडी, तिजोरी, वह्या यांना नव्या घरात जागा सापडते. अडते ते फोटोंपाशी. जुन्या बैठकीत ओळीने टांगलेले वीस-पंचवीस फोटो नव्या रंगाच्या भिंतीवर तसेच लावले तर खोली कोंदट दिसते, आणि न लावावेत तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला लागते.

असे एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर घ्यावे. पुढे दुकान, मागे राहते घर, पंच्याऐंशीच्या घरातील आजी, मुलगा-सून, नातू आणि नुकतीच आलेली नातसून. फोटो एकूण अडतीस. त्यांत पणजोबांचा कोट-फेट्यातील एक, आजोबांचा सुखडाचा हार घातलेला एक, लग्नांचे बरेच, वर्षीतपाच्या पारण्याचे दोन, सम्मेदशिखरजीच्या यात्रेचा मोठा समूहफोटो आणि बाकी मुलाबाळांचे. नातसून म्हणते, “आजी, सगळे लावले तर भिंतच दिसणार नाही.” आजी म्हणतात, “भिंत बघायला कोण येतंय गं? आणि यांना एकदा खाली उतरवलं की पुन्हा वर कोण चढवतंय?”

आजींच्या बोलण्यातला ‘वर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फोटो उंच लावणे म्हणजे मान देणे, अशी समजूत घराघरांत रुजली आहे. तिच्यामागे आदर आहेच, पण जुन्या घराची रचनाही आहे. माळवदाच्या घराची भिंत खालच्या बाजूने मोकळी नसे. टेकायला तक्के, त्यावर कोनाडे, त्यावर खुंट्या आणि खुंट्यांना उपरणी-पिशव्या. मोकळा पट्टा उरे तो चौकटीच्या वर, सात फुटांच्या पुढे. फोटो तिथे गेले. माणसे जमिनीवर बसत, म्हणून तळाची कड खिळ्यांवर टेकवून आणि वरची कड दोरीने सैल सोडून फोटो पुढे झुकते ठेवीत. त्यामुळे खाली बसलेल्याला चेहरा दिसे आणि काचेवर दाराचा उजेड चमकत नसे. मागच्या पोकळीत चिमण्या घरटी करीत, हा त्या झुकावाचा आणखी एक लाभ म्हणावा.

नव्या खोलीत कोनाडे नाहीत, खुंट्या नाहीत आणि बसणे सोफ्यावर. तरीही फोटो सात फुटांवरच राहिले तर चेहरे नीट दिसत नाहीत, दिसते ती केवळ फ्रेमची रांग. घर जुनाट दिसते ते मुख्यतः या रांगेमुळे. फोटो जुना असण्याने घर जुने दिसत नाही. उलट, नीट लावलेला शंभर वर्षांपूर्वीचा फोटो सोनेरी प्लॅस्टिक पट्टीतल्या, गुलाबांच्या नक्षीत बसवलेल्या कालच्या फोटोपेक्षा अधिक ताजा वाटतो.

उंचीचा हिशेब सोपा आहे. चालत्या वाटेवर किंवा जिन्यापाशी, जिथे माणूस उभ्याने पाहतो, तिथे फोटोचा मध्य जमिनीपासून सुमारे पावणेपाच फुटांवर असावा. संग्रहालयांतही साधारण हीच उंची पाळतात. बैठकीत माणूस बसून पाहतो, म्हणून मध्य सव्वाचार फुटांवर आणला तरी चालतो. अनेक फोटो एकत्र लावायचे असतील तर प्रत्येकाचा मध्य मोजू नये. सगळा समूह म्हणजे एकच मोठा फोटो समजावा आणि त्याचा मध्य धरावा.

उदाहरणातल्या घरात पाच फुटी सोफ्यामागची भिंत निवडली, तर समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे चाळीस इंचांच्या आसपास शोभते. मधोमध पणजोबांची १४ इंच रुंद व १८ इंच उंच उभी फ्रेम. तिच्या दोन्ही बाजूंना १० इंच रुंद व ८ इंच उंच अशा दोन-दोन आडव्या फ्रेमा, एकावर एक. दोन फ्रेमांत सर्वत्र दोन इंचांची फट. बाजूच्या दोन फ्रेमा आणि मधली फट मिळून उंची १८ इंच होते, ती मधल्या फ्रेमशी बरोबर जुळते. एकूण रुंदी ३८ इंच. मध्य सव्वाचार फुटांवर, म्हणजे ५१ इंचांवर धरला की समूहाची वरची कड ६० इंचांवर येते आणि खालची ४२ इंचांवर. सोफ्याची पाठ ३४ इंच असेल तर मध्ये आठ इंच मोकळे राहतात. डोके टेकले तरी फ्रेमला लागत नाही, आणि फोटो सोफ्यापासून तुटल्यासारखेही वाटत नाहीत.

खिळा मात्र फ्रेमच्या वरच्या कडेवर येत नाही. मागची तार बोटाने वर ताणून ती कडेपासून किती खाली राहते ते मोजावे. मधल्या फ्रेमची तार तीन इंच खाली राहत असेल तर भोक ५७ इंचांवर पाडावे. हा हिशेब चुकतो म्हणून भिंतीला चाळण होते. ते टाळायला फ्रेमच्या मापाची वर्तमानपत्रे कापून चिकटपट्टीने भिंतीवर लावावीत, दोन दिवस येता-जाता पाहावीत, आणि मग कागदावरच खूण करून ड्रिल चालवावे. विटांच्या भिंतीत प्लॅस्टिकची गिट्टी व स्क्रू लागतो, नुसता खिळा काही दिवसांनी सैल होतो. मोठ्या फ्रेमला दोन स्क्रू दिले की ती तिरकी होत नाही.

या रचनेत अडतीसांतले पाचच फोटो बसतात. आजींचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो. निवड करताना कोणाला वगळावे असा विचार सुरू झाला की भांडण अटळ असते. कोणत्या भिंतीने काय सांगावे असे ठरवले की काम हलके होते. बैठकीच्या भिंतीवर वाडवडील आणि त्यांची लग्ने. आतल्या वाटेवर यात्रा आणि तपस्येचे फोटो, एका ओळीत, एकाच रंगाच्या अरुंद फ्रेमांत. मुलाबाळांचे फोटो भिंतीवर नकोतच, कारण ते दरवर्षी बदलतात. त्यांच्यासाठी चार इंच खोलीची, पुढे बारीक कड असलेली एक फळी पुरे. तिच्यावर चार-पाच फ्रेमा टेकवून ठेवाव्यात, उंच मागे आणि लहान पुढे, थोड्या एकमेकींवर आलेल्या चालतात. तीर्थंकरांच्या व साधु-साध्वींच्या प्रतिमा या मांडणीत मिसळू नयेत. त्यांचे स्थान वेगळे आहे, आणि कौटुंबिक फोटोंत आल्या की दोन्हींचा अर्थ पातळ होतो.

सुखडाच्या हाराचेही असेच. हार फ्रेमच्या बाहेर दोन-तीन इंच पसरतो, शेजारच्या फोटोवर येतो आणि धूळ धरतो. महामार्गालगतच्या घरात तर काही आठवड्यांतच त्याचा रंग बदलतो. आजोबांचा फोटो एकटा, पुरेशी जागा सोडून लावला तर हार शोभतो. समूहात लावायचा असेल तर हार तिथीच्या दिवशी घालून एरवी डब्यात ठेवण्याची तडजोड आजींनाही बहुधा पटते.

मांडणीपेक्षा नाजूक काम वेगळेच आहे. पणजोबांचा फोटो जुन्या फ्रेममध्ये थेट काचेला लागून बसवलेला आहे. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे जन्माने जैन होते. त्यांचे १९०५ साली निधन झाले तेव्हा फोटो काढून घेणे ही श्रीमंतांचीच गोष्ट होती. पुढेही गावोगावच्या कित्येक घरांत माणसाचा आयुष्यात एकच फोटो निघे. हा तसाच एक. अशा फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यातील दमटपणाने तो मऊ होतो आणि काचेला चिकटतो. काचेतून तिरके पाहिल्यास चिकटलेला भाग ओलसर, चमकदार डागासारखा दिसतो.

असा फोटो ओढून काढू नये. चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. पाणी लावणे, केस वाळवायच्या यंत्राने तापवणे हे घरगुती उपायही टाळावेत. मागचा पुठ्ठा हळूच काढावा, काच आणि फोटो एकत्रच राहू द्यावेत आणि काचेसकट स्कॅनरवर ठेवून प्रत काढावी. स्कॅनर नसेल तर फोटो सावलीच्या उजेडात टेबलावर ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइल काचेला अगदी समांतर धरावा. पाठीमागे कोणी काळे कापड धरले की काचेत प्रतिबिंब पडत नाही. भिंतीवर लागावी ती ही प्रत. मूळ फोटो काचेसह कागदात गुंडाळून कपाटात आडवा ठेवावा. माळ्यावर नको, उन्हाळ्यात स्लॅबखालचा माळा फार तापतो.

प्रत काढल्याने आणखी एक सोय होते. १९७०–८० च्या दशकांतील रंगीत फोटो आता लालसर झालेले असतात, कारण त्यांतला निळसर रंग बंद अल्बममध्येही आधी उडतो. असा लाल लग्नफोटो कृष्णधवल पणजोबांशेजारी खटकतो. त्याची कृष्णधवल प्रत काढली की पाचही फोटो एका घराण्याचे दिसू लागतात. मूळ रंगीत प्रत मात्र फेकू नये. साडी कोणत्या रंगाची होती, हे पुढे कोणीतरी विचारतेच.

नव्या फ्रेमेत काच आणि फोटो यांच्यामध्ये फिकट माउंटची पट्टी हवी, दोन ते अडीच इंचांची, खालच्या बाजूला किंचित जास्त. तिच्यामुळे फोटो काचेला टेकत नाही आणि डोळ्याला विसावाही मिळतो. गर्दी कमी वाटते ती बऱ्याचदा या पट्टीमुळे. मोठी १४ बाय १८ ची फ्रेम घेतली तरी आतला फोटो ८ बाय १२ चाच असावा, तो यासाठी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते, मागे बुरशी धरत नाही आणि कसर लागली तर लवकर दिसते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि दुपारचे ऊन पडणारी पश्चिमेची भिंत या कामाला वापरूच नयेत.

उरलेल्या फोटोंना डबे करावेत आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने नाव, नाते, गाव लिहावे. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते. हे लिहून घ्यायला आजींइतके योग्य दुसरे कोणी नाही, आणि ते लवकर करावे. त्यांच्या समोर बसून एकेक फोटो हातात दिला की वरच्या रांगेत इतकी वर्षे न दिसलेले काही ना काही निघते. पणजोबांच्या खिशातले पेन, मागे उभी असलेली, कोणाला ओळखू न येणारी मुलगी. “ही माझी नणंद,” आजी सांगतात, “हिचा दुसरा फोटोच नाही.” असा फोटो सापडला की पाचांतला एक बदलावा लागतो. वर्तमानपत्राचा कागद पुन्हा कापावा लागतो, भोक मात्र तेच चालते.