पत्र्यासारखी ठोकलेली पॉलिकार्बोनेट शीट

सोसायटीच्या पार्किंगवर नवे पारदर्शक छत बसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात नेमके स्क्रूच्या खालीच पाणी टपकू लागते. मग फॅब्रिकेटर येऊन सिलिकॉनचा आणखी एक थर मारून जातो. खरा दोष मात्र बहुतेक वेळा शीटला हलायला जागाच न ठेवण्यात असतो.

पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढते. पोलाद जेमतेम ०.०१२. पुण्यातली ६ मीटर लांबीची शीट घेऊ. जानेवारीच्या पहाटे ती १० अंशांवर असते, मे महिन्यातल्या दुपारी ६० अंशांपर्यंत तापते. म्हणजे शीट साडेएकोणीस मिलिमीटर लांबते आणि खालचा सांगाडा तेवढाच तापला तरी साडेतीनच्या आसपास. उरलेले सोळा मिलिमीटर जाणार कुठे? स्क्रूने जखडलेली शीट मधेच फुगते, भोकाभोवती चांदणीसारखे तडे जातात. सकाळी ऊन चढताना छत कटकट वाजू लागले, की हे सुरू झाले असे समजावे.

स्क्रूपेक्षा दोनतीन मिलिमीटर मोठे भोक आखूड शीटला पुरते, सहा मीटरला नाही. इथे दोन शीटच्या सांध्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवणे बरे. स्क्रू सांध्यातल्या फटीतून जातो, शीटला भोकच पडत नाही. ती रबरी पट्टीखाली सरकत राहते. उतारावरून घसरू नये म्हणून खालच्या टोकाला आधार द्यायचा. रुंदीकडेही विसरून चालत नाही: २.१ मीटरची शीट सात मिलिमीटर वाढते, तेवढी फट पट्टीत हवी.

पर्लिनचे अंतर ठरवताना लोक फक्त वजनाचा विचार करतात. पण चारी बाजूंनी उघड्या पार्किंगमध्ये वारा खालून शिरून छत उचलतो, आणि तोही कडांना जास्त. १० मिलिमीटरच्या पोकळ शीटला मधे साधारण ९० सेंटिमीटर आणि दोन्ही टोकांना ७०, अशी आखणी केली तर सहा मीटरमध्ये आठ पर्लिन बसतात. अर्थात शेवटचा शब्द उत्पादकाच्या तक्त्याचा आणि त्या जागच्या वाऱ्याचा.

पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात आणि सहा मीटरला निदान अर्धा मीटर उतार हवा. नळ्यांची वरची तोंडे अ‍ॅल्युमिनियम टेपने पक्की बंद करायची. खालच्या तोंडांना मात्र हवा व ओल जाऊ देणारी, पण धूळ आणि मुंग्या अडवणारी सच्छिद्र टेप. दोन्हीकडे पक्की टेप लावली की आत साचलेली वाफ बाहेर पडत नाही आणि वर्षभरात नळ्यांमध्ये हिरवे शेवाळ दिसू लागते.

सिलिकॉन घेताना वास घेऊन पाहावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते या शीटसाठी नाही. ‘न्यूट्रल’ लिहिलेलेच मागावे. आणि फिल्मवर सूर्याची बाजू दाखवणारी खूण असते, ती बाजू वर. उलटी बसलेली शीट काही वर्षांत पिवळी पडते, आणि मग कोणतीही वॉरंटी कामाला येत नाही.